गेमचा पिंग चढलेला, पण पॅकेट अडतंय कुठे? ट्रेसराउटने जागा शोधण्याची पद्धत

स्पीड टेस्ट १०० एमबीपीएस दाखवते, यूट्यूब एकदाही अडत नाही, तरी गेम सुरू केला की पिंग साठच्या खाली यायला तयार नसतो. सर्व्हर मुंबईत, खेळणारा पुण्यात किंवा नाशिकमध्ये, आणि आकडा सिंगापूरला खेळत असल्यासारखा. अशा वेळी लाइनमन येऊन राउटर बदलून जातो आणि दुसऱ्या दिवशी आकडा तोच असतो, कारण उशीर राउटरमध्ये नव्हताच. तो नेमका कुठे होतोय हे ट्रेसराउटवरून, म्हणजे वाटेतले राउटर वेळेसह ओळीओळीने दाखवणाऱ्या आज्ञेवरून, बऱ्यापैकी अचूक कळतं. मात्र त्याचं उत्तर वाचायला शिकावं लागतं. सरळ वाचलं तर ते हमखास भलत्याच राउटरकडे बोट दाखवतं.

## आधी लक्षणं

तुमचा त्रास यांपैकी कोणता, ते ठरवून घ्या. पुढचं वाचन त्यावर अवलंबून आहे.

- पिंग चढलेला आहे, पण स्थिर. सकाळी ६५, दुपारी ६५, पहाटे तीनलाही ६५.
- दिवसा १२, पण रात्री आठ ते अकराच्या दरम्यान आकडा नाचतो: १५, ९०, ४०, १२०. पात्र पुढे जाऊन मागे खेचलं जातं, गोळी लागलेली दिसते पण मोजली जात नाही.
- घरात कुणी फोटोंचा बॅकअप किंवा मोठी फाइल पाठवायला घेतली की पिंग उडतो आणि ते काम संपताच खाली येतो.
- एक मॅच पूर्ण खराब जाते. बाहेर पडून पुन्हा जोडलं की पुढची व्यवस्थित.
- पिंगचा आकडा चांगला आहे, तरी चित्र अडखळतं. हा नेटचा त्रास नाही. फ्रेम रेट, ग्राफिक्स ड्रायव्हर, तापलेला लॅपटॉप हे बघा. ट्रेसराउट इथे काहीच सांगणार नाही.

## फुकटातल्या तपासण्या

पहिली तपासणी गेमच्या आतच आहे. सर्व्हर कोणता निवडलाय ते बघा. व्हॅलोरंटमध्ये लॉबीतून सर्व्हर निवडता येतो आणि मुंबई हा पर्याय असतो. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये मॅच शोधताना किती पिंगपर्यंत चालेल याची मर्यादा सेटिंगमध्ये असते. ती सैल ठेवली की रात्री उशिरा, खेळाडू कमी असताना, गेम तुम्हाला दूरच्या सर्व्हरवर खुशाल पाठवतो. सर्व्हरच सिंगापुरात असेल तर साठ-सत्तरचा पिंग हा बिघाड नव्हे, ते अंतर आहे.

दुसरी तपासणी घरातल्या वायरलेसची. मॅच चालू नसताना राउटरला पिंग करा:

```
ping -n 100 192.168.1.1
```

तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असू शकतो. `ipconfig` मधल्या Default Gateway समोर तो दिसतो. केबल लावली असेल तर शंभरच्या शंभर उत्तरं एक मिलिसेकंदाच्या आसपास यायला हवीत. वाय-फायवर दोन ते पाच चालतं, पण मध्येच ४०, ८०, २०० असे उंचवटे दिसले तर पुढचं काही तपासू नका. एक लॅन केबल घेऊन थेट जोडा आणि मग खेळून बघा. पाच गिगाहर्ट्झचा बँड थोडा बरा, २.४ वर शेजारच्या दहा राउटरांची गर्दी असते. यापुढची प्रत्येक तपासणी केबलवरूनच करा. वाय-फायचा गोंधळ ट्रेसराउटच्या प्रत्येक ओळीत मिसळतो आणि मग कोणता उशीर कुणाचा, हे वेगळं काढता येत नाही.

तिसरी तपासणी अपलोडची. घरची लाइन अपलोडने भरली की पॅकेटं राउटरमधल्या किंवा ओएनटीमधल्या, म्हणजे फायबर घरात जिथे येतो त्या डब्यातल्या, रांगेत थांबतात आणि गेमची छोटी पॅकेटंही त्याच रांगेत मागे उभी राहतात. हे पकडायला इंटरनेट पुरवठादाराच्या पहिल्या यंत्राला, म्हणजे पुढे दिलेल्या ट्रेसराउटच्या दुसऱ्या ओळीतल्या पत्त्याला, सतत पिंग लावा (`ping -t`) आणि दुसऱ्या खिडकीत एखादी मोठी फाइल अपलोडला टाका. तीनचा आकडा शंभर-दोनशेवर गेला तर दोष तुमच्याच लाइनच्या तोंडाशी आहे. उपाय म्हणजे राउटरमध्ये रांग सांभाळणारी सोय चालू करायची. ओपनडब्ल्यूआरटी चालणाऱ्या राउटरवर ती `SQM` नावाने मिळते. तिथे प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के मर्यादा घाला, म्हणजे रांग पुरवठादाराच्या यंत्रात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते आणि तिथे गेमच्या पॅकेटांना पुढे काढता येतं. तशी सोय नसेल तर बॅकअपची वेळ पहाटेची करा.

चौथी तपासणी बरेच जण विसरतात. मोबाइलचा हॉटस्पॉट लावा, सिम वेगळ्या कंपनीचं असेल तर उत्तम, आणि त्याच सर्व्हरवर पाच मिनिटं खेळा. मोबाइल नेटचा स्वतःचा उशीर जास्त आणि हलता असतो. पण फायबरवर ६५ आणि मोबाइलवर ३५ दिसत असेल तर सर्व्हर निर्दोष आहे, तुमच्या पुरवठादाराचा रस्ताच लांबचा आहे.

## कुठल्या पत्त्यावर ट्रेस करायचं

इथे सर्वांत जास्त चूक होते. गेमच्या वेबसाइटवर `tracert` मारून काहीही कळत नाही. वेबसाइट बहुधा मुंबईतल्याच एखाद्या सीडीएनच्या, म्हणजे वेबसाइटची प्रत जवळून पुरवणाऱ्या जाळ्याच्या, यंत्रावरून येते. ट्रेस पाच मिलिसेकंदांत संपतो आणि "सगळं ठीक आहे" असं वाटतं. लॉगिन, चॅट आणि दुकान यांचे पत्तेही वेगळे असतात. ते अमेरिकेतही असू शकतात. आपल्याला हवा तो मॅच चालवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता.

विंडोजवर मॅच चालू असतानाच `resmon` उघडा आणि Network टॅबवर जा. गेमच्या प्रोसेसवर खूण केली की खालच्या Network Activity या यादीत पत्ते दिसतात. मॅच सुरू असताना ज्या पत्त्याशी सतत, न थांबता येणं-जाणं चालू आहे तोच सर्व्हर. मॅच संपली की ती ओळ शांत होते. शंका असेल तर वायरशार्कमध्ये `udp` हा फिल्टर लावा. वेगवान गेम जवळपास सगळे यूडीपीवर चालतात, त्यामुळे सर्वाधिक पॅकेटं कुठे जातात ते लगेच दिसतं.

एक अपवाद. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ मध्ये व्हॉल्व्हचं रिले जाळं मध्ये असतं, खऱ्या सर्व्हरचा पत्ता खेळाडूला दिसतच नाही. `resmon` मध्ये दिसतो तो रिलेचा पत्ता. तिथपर्यंतचा ट्रेस उपयोगी आहे, कारण तुमच्या पुरवठादाराचा सगळा रस्ता त्यात येतो. पण रिलेपासून पुढचं काही त्यातून कळणार नाही, हे लक्षात ठेवा.

## ट्रेस

```
tracert -4 203.0.113.80
```

(इथले सार्वजनिक पत्ते उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटांतले आहेत. तुमचा घाला.) `-4` मुद्दाम लिहा. सर्व्हरचं नाव घालून ट्रेस केला तर विंडोज आयपीव्ही६ चा रस्ता पकडू शकतं, तो पूर्ण वेगळा असू शकतो आणि गेम मात्र आयपीव्ही४ वरून चालू असतो. लिनक्सवर हेच काम `traceroute` करतं. फरक एवढाच की विंडोज आयसीएमपीची पॅकेटं पाठवतं, तर लिनक्स नेहमीच्या पद्धतीत ३३४३४ पासून पुढच्या यूडीपी पोर्टांवर. म्हणून दोन मित्रांचे ट्रेस थोडे वेगळे दिसले तर गोंधळू नका.

आत काय चालतं ते थोडक्यात. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देऊन "इथे संपलं" असं उत्तर पाठवतो. ट्रेसराउट आधी टीटीएल १, मग २, मग ३ असं पाठवत जातं आणि प्रत्येक वेळी उत्तर कोण देतं, किती वेळात, ते लिहून घेतं. व्हॅन जेकबसन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेली ही युक्ती आजही तशीच चालते. तिच्यातून दोन गोष्टी ओघाने येतात. एक, ओळीतला वेळ हा जाण्यायेण्याचा मिळून आहे. दोन, दिसतो तो फक्त जाण्याचा रस्ता. उत्तर कुठल्या रस्त्याने परत आलं ते दिसत नाही.

## एक ट्रेस, ओळीओळीने

पुण्यातलं फायबर, सर्व्हर मुंबईत, गेममध्ये कायम ६६ चा पिंग. अशा तक्रारीचा ट्रेस साधारण असा येतो:

```
 1   <1 ms   <1 ms   <1 ms  192.168.1.1
 2    3 ms    2 ms    3 ms  100.72.0.1
 3    3 ms    3 ms    4 ms  10.20.4.9
 4    6 ms   48 ms    6 ms  192.0.2.5
 5     *       *       *    Request timed out.
 6   62 ms   61 ms   62 ms  198.51.100.17
 7   62 ms   62 ms   61 ms  198.51.100.42
 8   64 ms   64 ms   65 ms  203.0.113.2
 9   65 ms   65 ms   65 ms  203.0.113.80
```

पहिली ओळ तुमचा राउटर. दुसऱ्या ओळीतला `100.64` ते `100.127` मधला पत्ता म्हणजे पुरवठादाराने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलंय. त्याने उशीर होत नाही, फक्त दुसरी ओळ पुरवठादाराची आहे हे नक्की होतं. तिथपर्यंत ३ मिलिसेकंद. म्हणजे घर, केबल, ओएनटी आणि गल्लीतला फायबर सगळं ठीक. लाइनमनला बोलावून काही होणार नाही, आणि राउटर बदलूनही नाही.

आता चौथ्या ओळीतले ४८. पाहणारे दहापैकी आठ जण याच्यावरच बोट ठेवतात. पण पुण्या-मुंबईच्या टोलनाक्यावरचा माणूस गाड्या भराभर सोडत असतो आणि पत्ता विचारला तर सवडीने सांगतो, तसं राउटरचं आहे. पॅकेट पुढे ढकलण्याचं काम त्याची खास चिप करते. टीटीएल संपल्याचं उत्तर मात्र राउटरचा सर्वसाधारण प्रोसेसर बनवतो आणि त्याला हे काम सर्वांत शेवटी करायला सांगितलेलं असतं. म्हणून एखाद्या ओळीत उशीर दिसला की तिच्या पुढच्या ओळी बघा. उशीर खरोखर त्या राउटरमधून जाताना झाला असता तर पुढच्या प्रत्येक ओळीच्या तिन्ही आकड्यांत त्याची भर पडली असती. इथे चौथ्याच ओळीचे बाकीचे दोन आकडे ६ आहेत. ४८ सोडून द्या.

पाचव्या ओळीतल्या तारका म्हणजे त्या राउटरने उत्तर द्यायचं नाही असं ठरवलंय. पॅकेट त्यातून पुढे गेलं, सहावी ओळ उत्तर देतेय. दोष नाही.

आणि मग सहावी ओळ: ६ वरून थेट ६२, आणि ही वाढ शेवटपर्यंत टिकते. उशीर इथे आहे. नक्की सांगायचं तर चौथ्या आणि सहाव्या ओळीच्या मध्ये, कारण पाचवी गप्प आहे.

हे ५६ मिलिसेकंद कशाचे? फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर १०० किलोमीटर केबलमागे जाऊन येण्याला एक मिलिसेकंद. पुण्याहून मुंबई रस्त्याने दीडशे किलोमीटर, त्याला दीड-दोन मिलिसेकंद पुरे. मधली यंत्रं धरून पाच-सहा. उलट मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. केबल सरळ जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात जाण्यायेण्याला साठच्या आसपास लागतात. आकडा बरोबर तिथेच बसतो. `-d` न लावता ट्रेस केला असेल तर राउटरांची नावंही दिसतात. नावात `sin` किंवा `sg` असेल तर सिंगापूर, `maa` किंवा `chn` चेन्नई, `bom` किंवा `mum` मुंबई. नावं जुनी राहून जातात, म्हणून नाव आणि आकडा दोन्ही जुळले तरच विश्वास ठेवा. `sin` नावाचा राउटर ५ मिलिसेकंदांत पुण्याला उत्तर देऊच शकत नाही.

आता आठवी-नववी ओळ बघा. सर्व्हर तर मुंबईत आहे. पॅकेट सिंगापूरला जाऊन परत मुंबईत आलं, मग पिंग १२० का नाही? कारण जाताना लांबचा रस्ता आणि येताना जवळचा. पुणे ते सिंगापूर सुमारे ३०, सिंगापूर ते मुंबई ३०, मुंबईहून पुण्याला थेट तीन-चार. बेरीज पासष्टच्या घरात. शेवटचा आकडा १२० असता तर येण्याचा रस्ताही सिंगापूरवरूनच आहे असा अंदाज बांधता आला असता.

हे मुंबईतल्या मुंबईत का होतं? तुमचा पुरवठादार आणि गेमचं जाळं यांनी एकमेकांशी भारतात थेट जोडणी केलेली नसते, किंवा केलेली जोडणी वापरली जात नाही. मुंबईत वेगवेगळी जाळी एकमेकांना जोडणारी निक्सीसारखी एक्सचेंजेस आहेत, दोन्ही जाळी एकाच इमारतीत हजरही असू शकतात. पण करार नसेल तर पॅकेट वरच्या मोठ्या वाहक कंपनीला दिलं जातं आणि ती गेमच्या जाळ्याला सिंगापुरात भेटते. यात तुटलेलं काही नाही, म्हणून पुरवठादाराच्या पडद्यावर लाल दिवाही लागत नाही. तुम्ही सांगेपर्यंत कुणाला कळत नाही.

## उलटा प्रकार

कधी ट्रेसमध्ये सगळी नावं मुंबईचीच असतात, तरी सातव्या ओळीपासून अचानक साठ मिलिसेकंद. इथे जाण्याचा रस्ता सरळ आहे, पण गेमच्या जाळ्यातून तुमच्याकडे येणारं उत्तर सिंगापूरवरून फिरतंय. सहाव्या ओळीपर्यंतचे राउटर तुमच्या पुरवठादाराचे, त्यांची उत्तरं जवळून येतात. सातवी ओळ समोरच्या जाळ्याची, तिचं उत्तर त्या जाळ्याच्या रस्त्याने येतं. म्हणून वाढ नेमकी दोन जाळ्यांच्या सीमेवर दिसते, आणि खटपट दोघांपैकी कुणी करायची यावर ढकलाढकली होते. याचा निकाल घरबसल्या लागत नाही. समोरून तुमच्या सार्वजनिक पत्त्याकडे केलेला ट्रेस लागतो. तो गेमच्या सपोर्टकडे मागा.

आणखी एक चकवा. मोठ्या वाहकांच्या जाळ्यात सलग तीन-चार ओळी एकाच आकड्याच्या दिसतात, पहिलीचं नाव मुंबईचं आणि तरी तिथेही ६२. तिथे पॅकेटं एमपीएलएसच्या बोगद्यातून जातात आणि मधल्या राउटरचं "इथे संपलं" हे उत्तर आधी बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मग परत येतं. त्यामुळे मुंबईतल्या राउटरच्या वेळेतही सिंगापूरची फेरी मिसळते. तक्रारीत "अमुक राउटर खराब" असं कधीच लिहू नका, "अमुक आणि अमुक ओळींच्या दरम्यान" असं लिहा.

## स्थिर वाढ की हलती वाढ

ज्याला फक्त एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे त्याने ही ठेवावी. टिकून राहणारी वाढ दोन जातींची असते. आकडे ६१, ६२, ६२ असे एकमेकांना चिकटून, चोवीस तास तसेच, म्हणजे ते अंतर आहे, रस्ताच लांब आहे. आकडे १८, ७५, ४० असे विखुरलेले, फक्त रात्री, सोबत पॅकेटं गळणं, म्हणजे ती रांग आहे: मधली एखादी लिंक संध्याकाळच्या गर्दीत भरतेय. पहिल्यात पुरवठादाराला राउटिंग बदलावं लागतं, दुसऱ्यात क्षमता वाढवावी लागते किंवा वाहतूक वळवावी लागते. विभाग वेगळे, तक्रारीचे शब्दही वेगळे.

`tracert` प्रत्येक ओळीला तीनच पॅकेटं पाठवतं. रांग ओळखायला ते पुरत नाही. त्यासाठी विंडोजवर विनएमटीआर, लिनक्स-मॅकवर `mtr`:

```
mtr -4 -n -r -c 300 203.0.113.80
```

सेकंदाला एक याप्रमाणे पाच मिनिटं चालतं. हेच सकाळी सातला एकदा आणि रात्री साडेनऊला एकदा करा, दोन्ही जपून ठेवा. बघायचे रकाने तीन: `Loss%`, `Best`, `Avg`. रात्रीचा `Best` सकाळइतकाच असेल आणि `Avg` चढला असेल तर रस्ता तोच आहे, रांग लागली आहे. `Best` च चढला असेल आणि ओळींतले पत्तेही बदलले असतील तर रात्री वेगळा रस्ता वापरला जातोय.

`Loss%` लाही चौथ्या ओळीचाच नियम. मधल्या ओळीत ६० टक्के गळती आणि शेवटच्या ओळीत शून्य असेल तर ती गळती नाहीच, राउटरने उत्तरं मोजूनमापून दिली एवढंच. गळती एका ओळीत सुरू होऊन शेवटपर्यंत उतरली तरच खरी. शेवटच्या ओळीत दोन टक्के असतील तरी शूटर गेममध्ये ते जाणवतं.

काही सर्व्हर पिंगला उत्तरच देत नाहीत. मग ट्रेसच्या शेवटी तिसाव्या ओळीपर्यंत तारकाच. तोही बिघाड नाही, तटबंदी आहे. शेवटच्या बोलक्या ओळीचा आकडा घ्या आणि गेममधल्या पिंगशी ताडून बघा. ओळ ९ सांगतेय आणि गेम १५ दाखवतोय तर सगळं ठीक, गेम स्वतःची थोडी प्रक्रिया त्यात धरतो. ओळ ९ आणि गेम ७० असेल तर उशीर त्याच्या पलीकडे, सर्व्हरच्या बाजूला, किंवा परतीच्या रस्त्यात.

"एक मॅच खराब, पुढची चांगली" हे लक्षण असेल तर `mtr` साफ येऊनही त्रास खरा असू शकतो. मोठ्या जाळ्यांत दोन ठिकाणांमध्ये समांतर अनेक लिंक असतात आणि कोणत्या प्रवाहाने कोणती लिंक घ्यायची हे पत्ते आणि पोर्ट यांच्यावरून ठरतं. चार लिंकांपैकी एक भरलेली असेल तर गेमचा प्रवाह तिच्यावर पडतो, ट्रेसचा दुसरीवर. पुन्हा जोडल्यावर पोर्ट बदलतो आणि नशीबही. अशा वेळी `mtr -u` वापरून यूडीपीने तपासा, आणि लागोपाठ चार-पाच वेळा चालवा. एखाद्या फेरीत तरी खराब लिंक सापडते.

## कुठे थांबायचं

उशीर पहिल्या ओळीत असेल तर तो तुमचा आहे, केबल आणि राउटर बघा. दुसऱ्या ओळीत, काहीही अपलोड चालू नसताना, आकडा उड्या मारत असेल किंवा तिथूनच गळती सुरू होत असेल तर फायबरची लाइन संशयात येते. ओएनटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसत असेल तर ती बघा. उणे २७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून खाली असेल, किंवा `LOS` चा लाल दिवा लुकलुकत असेल तर तिथेच थांबा आणि लाइनमनला बोलवा. फायबरला कपाटामागे तीव्र वाकण पडलंय का एवढं बघणं ठीक. हिरवा कनेक्टर उपसून पुसणं, फुंकणं, त्यात डोकावणं नको. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, आणि कनेक्टरच्या टोकावरचा धुळीचा कणही पातळी आणखी बिघडवतो.

उशीर तिसऱ्या ओळीपासून पुढे असेल तर तुमच्या हातात दुरुस्ती उरलेली नाही, फक्त पुरावा आहे. डीएनएस बदलून, "गेमिंग" राउटर घेऊन, विंडोजच्या रजिस्ट्रीत फेरफार करून पॅकेटाचा रस्ता बदलत नाही. मुंबईतल्या व्हीपीएनवरून खेळून पिंग ६६ वरून १५ वर आला तर रस्ताच लांब आहे हे सिद्ध होतं. तेवढ्यासाठी तो वापरा. कायमचा उपाय म्हणून तो बरा नाही. काही गेम व्हीपीएनचे पत्ते अडवतात.

कस्टमर केअरला "पिंग जास्त येतो" असं सांगितलं की राउटर बंद-चालू करायला लावतात. त्याऐवजी ईमेल करा आणि तक्रार नेटवर्क टीमकडे पाठवा असं स्पष्ट लिहा. मजकूर असा पुरे:

"लॅन केबलवर, घरात दुसरी वाहतूक नसताना घेतलेले ट्रेस जोडले आहेत. माझा सार्वजनिक पत्ता अमुक, सर्व्हरचा पत्ता अमुक (मुंबई), यूडीपी. ओळ ४ (मुंबई, ६ मिलिसेकंद) आणि ओळ ६ (सिंगापूर, ६२ मिलिसेकंद) यांच्या दरम्यान वाढ होते आणि शेवटपर्यंत टिकते. सर्व वेळी सारखीच आहे. दुसऱ्या कंपनीच्या नेटवरून याच पत्त्याला सिंगापूर लागत नाही. या पत्त्याच्या गटाकडे जाणारा मार्ग भारतातल्या जोडणीवरून द्यावा."

सोबत सकाळचा आणि रात्रीचा `mtr`, तारीख-वेळेसह, मजकूर म्हणून. मोबाइलने काढलेला पडद्याचा तिरका फोटो नको, त्यातले पत्ते कुणी टाइप करत बसत नाही. डॉकेट नंबर घ्या. उत्तर नाही आलं तर त्या नंबरवर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे थेट लिहून वेळ जातो. गल्लीतल्या केबलवाल्याकडून जोडणी असेल तर तो ज्या मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ घेतो तिच्याकडे हा मेल त्याने पुढे पाठवायला हवा. त्याच्या हातात दुसऱ्या ओळीपलीकडचं काही नसतं.

"काम झालं" असा निरोप आला की गेम उघडण्याआधी तोच `tracert` पुन्हा चालवा. सहाव्या ओळीचा सिंगापूरचा पत्ता यादीतून गेलेला दिसला पाहिजे. पत्ता गेला आणि शेवटचा आकडा ८-१० झाला तर राउटिंग दुरुस्त झालं. आकडा पंचविशीच्या आसपास येऊन थांबला आणि नावांत `maa` दिसायला लागलं तर आता चेन्नईवरून फिरवलंय. खेळायला ते पुष्कळ बरं आहे, पण तक्रार बंद करायला होकार देण्याआधी मुंबईतली जोडणी का नाही, हे एकदा विचारा.